आकड्याचे वय

नागरिकशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत जनगणनेचे उपयोग एका दमात लिहिले जातात. दर दहा वर्षांनी लोकसंख्या मोजली जाते आणि त्या माहितीवरून सरकार शाळा, धान्य आणि रोजगार यांचे नियोजन करते. हे उत्तर चुकीचे नाही, पण शाळा, धान्य आणि रोजगार यांना लागणारे आकडे वेगवेगळे असतात आणि ते वेगवेगळ्या वेगाने शिळे होतात, हे त्यात येत नाही. हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूरसारख्या गावात हा फरक नीट दिसतो. २०११च्या जनगणनेत इथे शून्य ते सहा या वयोगटात नोंदलेली मुले घ्या. पुढच्या जनगणनेचा संदर्भक्षण १ मार्च २०२७ असा अधिसूचित झाला आहे. त्या दिवशी ही मुले सोळा ते बावीस वर्षांची असतील. २०२१ची गणना झालीच नाही, त्यामुळे ही मुले शाळेत गेली, शिधापत्रिकेवर चढली किंवा राहिली आणि आता काम शोधू लागली, हे सगळे दोन मोजण्यांच्या मधल्या काळात घडून गेले.

लोकसंख्यावाढ म्हटले की डोळ्यांसमोर फुगणारा आकडा येतो. वर्धा जिल्ह्याची गोष्ट तशी नाही. १९९१ ते २००१ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. पुढच्या दशकात ही वाढ ५ टक्क्यांच्या आसपास आली आणि २०११मध्ये जिल्हा सुमारे १३ लाखांवर होता. त्याच दशकात राज्याची वाढ १६ टक्के होती. पण राज्यातही सहा वर्षांपर्यंतची मुले २००१मध्ये सुमारे १ कोटी ३७ लाख होती, ती २०११मध्ये १ कोटी ३३ लाखांवर आली. म्हणजे माणसे वाढत असताना बालके कमी होत होती. हे विसंगत नाही. आधी जन्मलेल्या मोठ्या पिढ्या वयात येऊन कुटुंबे थाटतात आणि जुनी माणसे पूर्वीपेक्षा जास्त जगतात. त्यामुळे जन्मदर उतरल्यावरही एकूण संख्या काही दशके वाढत राहते. नियोजनकाराने फक्त एकूण आकडा पाहिला, तर वाढत्या लोकसंख्येसाठी तो वर्गखोल्या बांधत राहील आणि बाके रिकामी राहतील.

शाळेला हवा असतो येत्या जूनमध्ये पहिलीत येणाऱ्या मुलांचा आकडा. जनगणनेच्या गावनिहाय तक्त्यात मात्र वयाचा एकच गट छापला जातो, शून्य ते सहा. एकेका वर्षाचा तपशील जिल्हापातळीवर मिळतो, गावापर्यंत तो उतरत नाही. मग जन्मनोंदणी वापरावी, असे सहज सुचते. पण जन्म जिथे होतो तिथेच नोंदला जातो. अल्लीपूरच्या कुटुंबातील बाळ सेवाग्रामच्या किंवा हिंगणघाटच्या रुग्णालयात जन्मले, तर नोंद तिकडे होते. बाळंतपणासाठी माहेरी गेलेल्या लेकीचे बाळ माहेरच्या बाजूला मोजले जाते. गावाच्या जन्मनोंदवहीवरून पहिलीचा वर्ग ओळखता येत नाही तो यामुळे. त्यातल्या त्यात उपयोगी पडते ती अंगणवाडी सेविकेची घरोघरची पाहणी. शिक्षकांची संख्या मात्र शाळेच्या पटावरून ठरते. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक दिले आहेत, आणि संचमान्यतेत दरवर्षी पट पाहूनच पदे मंजूर होतात. पट म्हणजे शाळेत आलेली मुले. कापूस वेचणीला किंवा वीटभट्टीवर आईबापांबरोबर गेलेले मूल पटावर नसेल, तर संचमान्यतेच्या कागदावर ते जन्मलेलेच नसते. गावात मुले किती आणि पटावर किती, ही वजाबाकी करायला पहिला आकडा बाहेरून यावा लागतो. तो जनगणनेने द्यायचा असतो.

धान्याच्या बाबतीत आकडा कायद्यातच बांधलेला आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील ७६.३२ टक्के आणि शहरी भागातील ४५.३४ टक्के लोकांना स्वस्त धान्याचा हक्क आहे. हे प्रमाण २०११च्या संख्येला लावले की सुमारे ७ कोटी माणसे होतात. कायदा ज्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत तिच्यावर विसंबतो, म्हणून ही मर्यादा अजून तिथेच आहे. केंद्राच्या तज्ज्ञगटाने २०२१साठी महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १२ कोटी ४४ लाख धरली होती. २०११मध्ये ७ कोटी म्हणजे राज्यातील सुमारे ६२ टक्के लोक; २०२१च्या अंदाजाशी तीच संख्या ५६ टक्के होते. प्रमाण पूर्वीचेच ठेवायचे म्हटले, तर ढोबळ हिशेबाने पाऊण कोटी माणसांची जागा कमी पडते. शहरांचा वाटा वाढल्याने नेमका आकडा थोडा खाली येईल, पण दिशा बदलणार नाही. गावात याचा अनुभव ‘इष्टांक संपला’ या दोन शब्दांत येतो. शिधापत्रिका मिळते, धान्य मात्र कुणाचे तरी नाव कमी होईपर्यंत सुरू होत नाही. शाळेचे गणित दरवर्षी नव्याने होते, धान्याचे होत नाही, म्हणून लांबलेल्या जनगणनेचा घाव धान्यावर सर्वांत थेट बसतो.

रोजगाराची अडचण मोजण्याच्या पद्धतीतच आहे. जनगणनेत वर्षात १८३ दिवस किंवा अधिक काम केलेला माणूस मुख्य काम करणारा ठरतो, त्याहून कमी काम केलेला सीमांतिक. कापूस, तूर, सोयाबीनच्या पट्ट्यात निंदण आणि वेचणीवर जगणाऱ्या बाईचे काम हंगामाला बांधलेले असते. त्यातही प्रगणकाला उत्तर देणारा कुटुंबप्रमुख अनेकदा ‘ती घरीच असते’ असे सांगतो, आणि प्रगणकाने खोदून विचारले नाही तर तिचे कष्ट तक्त्यात येत नाहीत. म्हणून रोजगाराचे धोरण फक्त जनगणनेवर उभे करता येत नाही. त्यासाठी नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण असते. पण नमुना सर्वेक्षण देशाचे आणि राज्याचे चित्र देते, एकेका गावाचे देऊ शकत नाही. शिवाय ग्रामीण भागात त्याचा नमुना निवडायचा तो जनगणनेच्या चौकटीवरूनच. चौकट सोळा वर्षे जुनी झाली की सर्वेक्षणही तिरपे होऊ लागते.

यावर एक आक्षेप घेतला जातो: आधार आहे, पट आहे, शिधापत्रिकांची संगणकीय यादी आहे, मग एवढा खर्च करून दार ठोठावायचे कशाला? या सगळ्या याद्या आत आलेल्यांच्या आहेत. बाहेर किती राहिले, हे कोणतीही यादी स्वतःबद्दल सांगू शकत नाही. गाव सोडून गेलेला माणूस यादीत राहतो, गावात नव्याने आलेला मजूर यादीबाहेर राहतो. अंदाजांचा आधार घ्यावा, हा दुसरा आक्षेप. तज्ज्ञगटाचे अंदाज राज्यापर्यंत उपयोगी आहेत, अल्लीपूरपर्यंत ते पोहोचत नाहीत. गाव जितके लहान, तितकी स्थलांतराने अंदाजाची चूक मोठी. जनगणनाही निर्दोष नसते. २०११च्या गणनेनंतरच्या पडताळणीत हजारामागे २३ माणसे सुटल्याचे आढळले होते. पण इथे सुटलेल्यांचा हिशेब मागाहून तपासला आणि जाहीर केला जातो, याद्यांचा तसा तपास होत नाही.

म्हणून नागरिकशास्त्राच्या उत्तरात एक वाक्य वाढवायला हवे: सरकार जनगणनेच्या आकड्यावरून नियोजन करते आणि तो आकडा किती जुना आहे यावर त्या नियोजनातून कोण वगळला जाईल हे ठरते. २०२७नंतर दोन गोष्टी मागाव्या लागतील. गावनिहाय वयाचे तक्ते शून्य ते सहा या एका गटावर न थांबता वर्षावार छापले जावेत, आणि धान्याचा इष्टांक पुढच्या जनगणनेची वाट न पाहता ठरावीक वर्षांनी अंदाजानुसार आपोआप वाढावा. पहिल्या मागणीसाठी कायद्याला हात लावायची गरज नाही, दुसरीसाठी आहे.