सत्तर-अडुसष्टनंतर

विम्बल्डनच्या १८ नंबरच्या कोर्टावरचा फलक २३ जून २०१० रोजी ४७-४७ वर थांबला. त्यापुढचे आकडे दाखवायची सोयच त्यात नव्हती. जॉन इस्नर आणि निकोलस माहू मात्र खेळतच होते. पहिल्याच फेरीचा हा सामना तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटे चालला आणि इस्नरने पाचवा सेट ७०-६८ असा जिंकला. त्या सेटमध्ये हरण्यापासून वाचायचे तर ही सर्व्हिस राखायलाच हवी, अशी वेळ माहूवर ६५ वेळा आली. ६४ वेळा त्याने ती राखली.

हा सेट इतका का लांबला? दोघे चिवट होते, हे खरेच. पण मूळ कारण टेनिसच्या मोजणीत आहे.

समजा, दोन्ही खेळाडू आपापल्या सर्व्हिसवर शंभरातले सत्तर गुण जिंकतात. गेममध्ये एकच खेळाडू सलग सर्व्हिस करतो, त्यामुळे गुणागणिक मिळणारा हा फायदा साचत जातो. गणित केले तर असा खेळाडू आपल्या सर्व्हिसचे शंभरातले सुमारे नव्वद गेम जिंकतो. सेट जिंकायला लागणारी दोन गेमची आघाडी मिळायला एकाने सर्व्हिस राखली पाहिजे आणि दुसऱ्याने गमावली पाहिजे. बरोबरी झाल्यावर पुढच्या दोन गेममध्ये असे घडण्याची शक्यता जेमतेम १८ टक्के. उरलेल्या ८२ टक्के वेळा पुन्हा बरोबरीच. सर्व्हिस जितकी भेदक, तितकी ही कोंडी घट्ट होते. इस्नर-माहू सामन्यात तर सलग १६८ गेममध्ये कुणाचीच सर्व्हिस भेदली गेली नाही.

टायब्रेकर ही कोंडी फोडतो तो सर्व्हिस वाटून. सहा-सहा गेम झाले की पहिला खेळाडू एकच गुण सर्व्हिस करतो. मग दुसरा दोन गुण, पुन्हा पहिला दोन, असे आलटून पालटून. दर सहा गुणांनी बाजू बदलतात. सुरुवातीचा तो एकटा गुण अनेकांना विचित्र वाटतो, पण न्याय त्यातच आहे. पहिला आणि दुसरा गुण, तिसरा आणि चौथा, पाचवा आणि सहावा अशा जोड्या लावून पाहा. प्रत्येक जोडीत दोघांची एकेक सर्व्हिस येते. म्हणून गुण ६-६ झाल्यावर दोन गुणांची आघाडी घ्यायची तर प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हिसवर एक गुण मिळवावाच लागतो. दोनच्या फरकाने जिंकायची टेनिसची जुनी अट इथे मोडलेली नाही. ती गेमऐवजी गुणांना लावली आहे, एवढेच. आपल्या त्याच सत्तर टक्केवाल्या खेळाडूंची कोंडी आता पुढच्या जोडीत फुटण्याची शक्यता ४२ टक्के होते.

अमेरिकन ओपनने १९७० मध्येच टायब्रेकर आणला आणि निर्णायक सेटलाही लावला. विम्बल्डनने पुढच्या वर्षी तो घेतला, पण शेवटचा सेट वगळून. शेवटचा सेट निखळ खेळानेच सुटावा, ही भावना मला समजते. पण तिची किंमत विजेताच मोजत होता. ७०-६८ नंतर इस्नर पुढच्या फेरीत उभा राहिला आणि ७४ मिनिटांत सरळ सेटमध्ये हरला. २०१८ च्या उपांत्य सामन्यात केव्हिन अँडरसनने त्यालाच २६-२४ असे हरवले आणि अंतिम सामन्यात स्वतः जोकोविचकडून सरळ सेटमध्ये हार पत्करली. त्या उपांत्य सामन्यामागे त्याच दिवशी ताटकळलेला नदाल-जोकोविच सामना रात्री अर्धा सोडून दुसऱ्या दिवशी पूर्ण करावा लागला. पुढच्याच वर्षी विम्बल्डनने १२-१२ वर टायब्रेकर आणला. २०२२ पासून चारही ग्रँड स्लॅममध्ये शेवटच्या सेटला ६-६ वर दहा गुणांचा टायब्रेकर आहे.

नेहमीच्या सात गुणांऐवजी दहा का? सात गुणांत सर्व्हिसवरची एखादी चूकही सामना घेऊन जाऊ शकते. तीन गुण वाढले की सावरायला थोडी जागा मिळते. ८ जून २०२५ ला पॅरिसमधल्या अंतिम सामन्यात पाच तासांहून अधिक खेळ झाल्यावर सिनरने शेवटच्या सेटच्या टायब्रेकरची पहिली सर्व्हिस केली आणि अल्काराझने ओळीने सात गुण घेतले. त्यांपैकी पहिला, चौथा आणि पाचवा हे तीन सिनरच्या सर्व्हिसवरचे होते. जुन्या मोजणीने सामना तिथेच संपला असता. नव्या मोजणीत सिनरला आणखी संधी होती, तरी निकाल १०-२ लागला.

त्या संध्याकाळी कोण सरस होता, याबद्दल मला शंका उरली नाही. तुम्हीही पुढचा टायब्रेकर पाहताना फलकावरची आघाडी मोजू नका. प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हिसवर कुणी किती गुण घेतले, ते मोजा.