पसायदानातील जुने शब्द : अर्थ आणि बोध

श्रीक्षेत्र त्र्यंबकेश्वरी ज्योतिर्लिंगाचे दर्शन घेऊन भाविक ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी श्रीसंत निवृत्तिनाथ महाराजांच्या समाधीपुढे नतमस्तक होतो. याच ब्रह्मगिरीच्या परिसरात गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश दिला आणि निवृत्तिनाथांनी तो आपले धाकटे बंधू ज्ञानेश्वर यांना दिला, अशी परंपरा आहे. त्या उपदेशाचे फळ म्हणजे शके १२१२, अर्थात् इ. स. १२९० मध्ये नेवासे येथे पूर्ण झालेली ज्ञानेश्वरी होय. तिच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी आलेल्या नऊ ओव्या 'पसायदान' म्हणून घरोघरी, शाळाशाळांतून आणि कीर्तनाच्या अखेरीस म्हटल्या जातात. पौष वद्य एकादशीच्या यात्रेत तर वारकऱ्यांच्या दिंड्यादिंड्यांतून त्या ऐकू येतात.

पसायदान पाठ नाही असा मराठी माणूस विरळाच. तथापि त्यातील शब्द सातशे वर्षांपूर्वीचे आहेत. काही शब्द आज वापरातून गेले आहेत. ते अडतात, म्हणून त्यांचा अर्थ कोणाला तरी विचारला जातो. काही शब्द मात्र आजही वापरात आहेत, पण त्यांचा अर्थ बदलला आहे. ते अडत नाहीत आणि म्हणूनच अधिक फसवितात. या लेखात अशा निवडक शब्दांचा विचार केला आहे.

पसाय म्हणजे प्रसाद

'पसाय' हा शब्द परका वाटतो, परंतु तो प्रत्येक भाविकाच्या ओंजळीत असतो. तो 'प्रसाद' या संस्कृत शब्दाचेच प्राकृतातून आलेले रूप आहे. 'द्विप्रहर' या शब्दातील 'प्र'चा 'प' होऊन 'दुपार' झाली आणि 'पाद' या शब्दातील 'द'चा 'य' होऊन 'पाय' झाला. हे दोन्ही बदल एकाच शब्दात घडले म्हणजे 'प्रसाद' याचे 'पसाय' होते. शेवटच्या ओवीत हाच शब्द 'पसावो' या रूपात पुन्हा येतो.

येथे प्रसादच का मागितला, याचे उत्तर पहिल्याच ओवीतील 'वाग्यज्ञ' या शब्दात आहे. वाग्यज्ञ म्हणजे वाणीने केलेला यज्ञ. गीतेवरील हे सारे निरूपण श्रीज्ञानेश्वरांनी यज्ञ म्हणून देवाला अर्पण केले आहे. यज्ञाची सांगता झाल्यावर प्रसाद मिळावयाचा, तो त्यांनी मागितला. म्हणून 'पसायदान' म्हणजे प्रसादरूपी दान. देवस्थानात 'दान' म्हटले की भाविकाने देवाला दिलेली रक्कम किंवा वस्तू डोळ्यांपुढे येते. येथे दानाची दिशा उलट आहे. देणारा देव आहे आणि हात पसरणारे माउली आहेत. त्यांनी आधी स्वतःजवळचे सर्वस्व, म्हणजे आपली वाणी, अर्पण केली आणि मगच मागणे मागितले, हा क्रम दात्यांनी अवश्य ध्यानी घ्यावा.

'येणें' म्हणजे 'यायचे' नव्हे

पसायदानातील सर्वांत फसवा शब्द 'येणें' हा आहे. आजच्या वाचकाला तो 'येणे-जाणे' यातील 'येणे' वाटतो. वस्तुतः तो 'हा' या सर्वनामाचे तृतीयेचे रूप आहे. त्याचा अर्थ 'याने' किंवा 'ह्यामुळे' असा होतो. पहिल्या ओवीत 'ह्या वाग्यज्ञाने' देवाने संतुष्ट व्हावे, अशी विनंती आहे. शेवटच्या ओवीत 'ह्या वराने' ज्ञानदेव सुखी झाले, असे सांगितले आहे. एकाच शब्दाने मागणे सुरू होते आणि त्याच शब्दाने त्याची पूर्ती होते.

हा अर्थ ओळखण्याची खूण म्हणजे अखेरच्या अक्षरावरील अनुस्वार. 'देवें' म्हणजे 'देवाने', तसेच 'येणें' म्हणजे 'याने'. जुन्या मराठीत आजच्या 'ने' या प्रत्ययाचे काम बहुधा हा टिंब करीत असे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातून काढले. परंतु महामंडळाच्याच नियमांत केशवसुतांच्या पूर्वीचे पद्य मुळानुसार लिहावे, असेही सांगितले आहे. ही सूट विसरून पुष्कळ ठिकाणी, फलकांवर आणि छोट्या पत्रकांवर, पसायदान अनुस्वार गाळून छापले जाते. टिंब जाते आणि त्याबरोबर विभक्तीही जाते. मग शब्द ओळखीचा दिसतो, पण वाक्य जुळत नाही. भाविकाने प्रत विकत घेताना 'येणें' या शब्दावर अनुस्वार आहे की नाही एवढे पाहावे, म्हणजे ती प्रत किती काळजीपूर्वक छापली आहे हे लगेच कळते.

पाठशुद्धीची ही काळजी नवी नाही. ज्ञानेश्वरीनंतर तीनशे वर्षे लोटण्याच्या आतच तिच्या पोथ्यांत पाठभेद शिरले होते. श्रीसंत एकनाथ महाराजांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ग्रंथ शुद्ध केला आणि त्यात कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावून ठेवले.

दोन प्रकारचा 'ओ'

पसायदानात 'ओ' या स्वराने संपणारे शब्द वारंवार येतात. त्यांचे दोन प्रकार आहेत. 'ज्ञानदेवो', 'रावो', 'पसावो' ही नामे आहेत. त्या काळी पुल्लिंगी नामाचे एकवचन असे ओकारान्त होत असे. त्यांचा अर्थ केवळ ज्ञानदेव, राव आणि प्रसाद असा आहे. 'सांडो', 'वाढो', 'जावो', 'लाहो' ही मात्र क्रियापदे आहेत. त्यांतील 'ओ' इच्छा दर्शवितो. 'देव तुझे भले करो' या आशीर्वादात तो आजही जिवंत आहे.

'लाहो' म्हणजे 'लाभो'. जो जे इच्छील त्याला ते मिळो, असे ते मागणे आहे. ही क्रियापदे एकापाठोपाठ एक पाहिली म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. यातील कोणतीही इच्छा 'मला' मिळो अशी नाही. मागणारा एक आहे, पण मागणे सर्वस्वी दुसऱ्यांसाठी आहे.

खळ, व्यंकटी आणि सांडो

आता दुसऱ्या ओवीच्या आरंभीचे तीन शब्द क्रमाने पाहू, कारण पसायदानाचा गाभा त्यांत आहे. 'खळ' म्हणजे दुष्ट, दुर्जन. 'व्यंकटी' म्हणजे वाकडेपणा, कुटिलता. या शब्दाचा व्यंकटेश या नावाशी काही संबंध नाही. तिसरा शब्द 'सांडो'. आज दूध सांडते, पाणी सांडते. जुन्या मराठीत 'सांडणे' म्हणजे सोडणे, टाकणे, गळून पडणे. तिन्ही शब्द मिळून अर्थ होतो : दुर्जनांचा वाकडेपणा गळून पडो.

व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर या वाक्यात नाहीशी व्हावयाची गोष्ट कोणती? ती 'व्यंकटी' आहे, 'खळ' नव्हे. 'खळांची' हे षष्ठीचे रूप असल्यामुळे दुर्जन मागे उरतातच, केवळ त्यांचा वाकडेपणा जातो. पुराणांतरी देवाने दुष्टांचा संहार करावा अशी प्रार्थना आढळते. येथे तसे नाही. ज्या भावंडांना समाजाने बहिष्कृत केले, आईवडिलांचे छत्र लहानपणीच ज्यांचे गेले, त्यांपैकी एकाने हे मागणे मागितले आहे, हे आठवले म्हणजे षष्ठीच्या त्या एका प्रत्ययाचे मोल कळते. पुढे त्याच दुर्जनांना सत्कर्माची आवड लागावी आणि भूतमात्रांत परस्पर स्नेह जडावा, असे मागितले आहे. 'भूतां' या शब्दाचा अर्थ येथे 'प्राणिमात्रांना' असा आहे आणि 'मैत्र' म्हणजे मित्र नव्हे, तर मैत्री.

पाहो, मांदियाळी आणि आरव

स्वधर्माच्या सूर्याचा उल्लेख जेथे येतो, तेथे 'पाहो' हे क्रियापद आहे. त्याचा 'पाहावे' असा अर्थ लावता येतो. परंतु जुन्या मराठीत 'पाहणे' म्हणजे 'उजाडणे' असाही अर्थ होता. आजच्या 'पहाट' या शब्दाशी त्याचे नाते लक्षात येते. आधी अंधार जावो असे म्हटले आहे आणि मग सूर्य आला आहे. त्यामुळे 'विश्वाला उजाडो' हा अर्थ त्या ओवीत अधिक सहज बसतो.

'मांदियाळी' म्हणजे मेळा, समुदाय. येथे ती ईश्वरनिष्ठांची आहे आणि ती भूतमात्रांना नित्य भेटत राहावी, असे मागणे आहे. या ईश्वरनिष्ठांचे वर्णन करताना 'आरव' हा शब्द येतो. संस्कृत कोशात 'आरव' म्हणजे आवाज, आणि तो अर्थ घेतला तर कल्पतरूंशी त्याचा मेळ बसत नाही. येथे तो 'उपवन' या अर्थी आहे आणि त्याचे मूळ 'आराम', म्हणजे बाग, या शब्दाशी जोडले जाते. 'ग्राम' याचे 'गाव' आणि 'नाम' याचे 'नाव' झाले, तसाच हा 'म'चा 'व' आहे. संत म्हणजे चालत्या कल्पवृक्षांची उपवने होत. झाडाकडे माणसाने जावयाचे असते. येथे मात्र उपवनच माणसाकडे चालत येते. दिंडी गावोगाव का जाते, याचे उत्तर या एका शब्दात आहे.

मागणे कोणी मान्य केले?

शेवटच्या ओवीत 'विश्वेशरावो' प्रसाददान होईल असे म्हणतात. शब्दार्थाने ते विश्वाचे ईश्वर. सांप्रदायिक परंपरेत मात्र या शब्दाने सद्गुरू निवृत्तिनाथ घेतले जातात, कारण श्रीज्ञानेश्वरांना गुरू आणि विश्वेश्वर वेगळे नव्हते. ज्या गुरूंनी हा प्रसाद दिला, त्यांची समाधी याच क्षेत्री आहे.

समाधीपुढे उभे राहून भाविकाने पसायदान नेहमीप्रमाणेच म्हणावे. फक्त दुसऱ्या ओवीशी क्षणभर थांबावे. ज्याच्याशी आपले वाकडे आले आहे अशा एका माणसाचे नाव मनात आणावे आणि त्याचे वाईट न मागता, त्याच्या मनातील वाकडेपणा आणि आपल्याही मनातील वाकडेपणा सांडो, एवढेच मागावे. शब्दांचा अर्थ कळला, याची खूण तीच आहे.

॥ शुभं भवतु ॥