वीणा बदलते, कढई बदलत नाही

काकडा झाला आहे आणि पारायणाला बसायला अजून थोडा वेळ आहे. तेवढ्यात मंडपामागच्या मंडळींशी दोन शब्द बोलतो. कीर्तनाच्या शेवटी आभार मानले जातातच, पण तेव्हा तुम्ही उष्टी उचलत असता. ते तुमच्या कानावर पडत नाहीत.

चार दिवस आमटीच्या कढईशी तीच माणसं आहेत. डाळ शिजायला टाकतात तेव्हा गाव झोपलेलं असतं. पाण्याचा टँकर मध्यरात्री आला तरी नळी धरायला तीच दोन पोरं उभी राहतात. आणि भाकरी? त्या गल्लीगल्लीतून टोपल्या भरून येतात, म्हणून त्यांच्यामागची चूल आपल्याला दिसत नाही. घरचं आणि शेतातलं उरकून त्या थापणाऱ्या मायबहिणींना पहिला नमस्कार.

आता जरा मंडपाकडे बघा. बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात सगळं फिरतं असतं. कीर्तनकार रोज नवे. पंगतीचे अन्नदाते रोज वेगळे, आणि त्यांची नावं फ्लेक्सवर छापलेली. भगवानबाबांच्या परंपरेतल्या नारळी सप्ताहात तर यजमान गावही बदलतं. काल्याच्या दिवशी नारळ दुसऱ्या गावाकडे जातो आणि पुढच्या वर्षीची जबाबदारी त्या गावावर येते. वीणेचे पहारे तर भिंतीवर लिहिलेलेच असतात. सात दिवसांचे 168 तास होतात. दोन तासांचा पहारा धरला तर 84 पहारे. बारा विणेकरी असले की प्रत्येकाच्या वाट्याला रोज एकच पहारा येतो. म्हणूनच ती अखंड राहते. एकाच माणसाच्या गळ्यात सातही दिवस वीणा ठेवा असं कुणी सुचवलं, तर जाणती मंडळी त्याला वेड्यात काढतील.

कढईच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो, आणि त्याला निष्ठा म्हणतो.

माणूस थकला की तो सांगत नाही, पण कळतं. पहिल्या दिवशी वाढपी ‘घ्या माउली, अजून घ्या’ म्हणत होता. कालच्या रात्रीच्या पंगतीत तोच ‘सरका पुढं’ म्हणाला. आमटीची चव आधी शेजारच्या दोघांना दाखवली जायची, आता मीठ अंदाजानं पडतं. कोठीची किल्ली ज्यांच्या कमरेला आहे ते घटकाभर आडवे झाले की गूळ कुठल्या डब्यात आहे हे दुसऱ्या कुणालाच सांगता येत नाही. यात दोष कुणाचा नाही. पण असं झालेला माणूस पुढच्या वर्षी सप्ताहाच्या बैठकीला येत नाही. कारण विचारलं तर शेताचं काम सांगतो.

म्हणून एक सुचवतो. दोन वेळच्या मिळून सात दिवसांत चौदा पंगती होतात. गल्लीवार चार तुकड्या केल्या तर पूर्ण सप्ताहात एका तुकडीकडे तीन, फार तर चार पंगती येतील; यंदाच्या उरलेल्या दिवसांत त्याहूनही कमी. तुकडीत कोठीला एक, चुलीला तिघं, पाण्याला दोघं आणि बाकीचे वाढपाला. ज्याची रात्री पंगत, त्याला पहाटेचा वीणेचा पहारा द्यायचा नाही. यंदा दोघांना तो दिला गेला होता.

अदलाबदल कशी करायची ते विणेकऱ्यांकडूनच घेऊ. नवा पहारेकरी समोर येतो, पहिल्याच्या पाया पडतो, पहिलाही त्याच्या पडतो, आणि वीणा एका गळ्यातून थेट दुसऱ्या गळ्यात जाते. ती खाली टेकत नाही. तशीच किल्लीही हातातून हातात जाऊ द्या. नवी तुकडी अर्धा तास आधी यावी. डाळ किती निवडून ठेवली आहे, सिलिंडर किती भरलेले आहेत, कुठल्या गल्लीच्या भाकरी यायच्या राहिल्यात, हे जुन्यांनी तोंडी सांगावं आणि मगच घरी जावं.

आचाऱ्याचं तेवढं अवघड आहे. आमटीचा हात सगळ्यांना नसतो आणि दर पंगतीला हात बदलला तर चव बिघडेल. तिथं चौघांची गरज नाही, दोघं पुरे आहेत. दुसऱ्यानं आजपासून पहिल्याजवळ नुसतं उभं राहावं आणि काल्याच्या आदल्या दिवशी एक पंगत एकट्यानं काढावी. बिघडलीच तर आमटी बिघडेल, सप्ताह नाही.

आणखी एक. ऊसतोडीला गेलेली घरं पाडव्याच्या आगेमागे परत आली आहेत. ‘आता हात आले’ म्हणून सगळा भार त्यांच्यावर टाकायचा मोह होईल. सहा महिने कोयता चालवून आलेल्या माणसाला पहिली तुकडी देऊ नका. त्यांना शेवटच्या दोन दिवसांत घ्या, तेही त्यांनी होकार दिला तर.

कोठीच्या दाराला वही टांगली आहे. चार गल्ल्यांची चार पानं केली आहेत. दुपारच्या प्रवचनाआधी नावं घाला. जे चार दिवस कढईशी होते, त्यांनी आज स्वतःचं नाव घालायचं नाही. संध्याकाळी हरिपाठाला येऊन बसायचं, पुढच्या ओळीत.