नको त्या शब्दांची सवय



काही वर्षांपूर्वी सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीवर मी एक लेख लिहिला होता. दुसऱ्यांच्या खाजगी गोष्टी खोदून काढणे, ज्याला अरबीत ‘तजस्सुस’ म्हणतात, ते का निषिद्ध आहे, हा त्याचा विषय होता. मराठी वाचकाला मुद्दा चटकन कळावा म्हणून एका ठिकाणी मी लिहिले की, मोमिनाने अशी चांभारचौकशी करू नये. शब्द नेमका सापडला, याचे मला त्या वेळी समाधानच वाटले होते.

आमच्या मशिदीबाहेर एक वृद्ध गृहस्थ चपला-जोडे दुरुस्त करतात. नमाजींच्या चपला त्यांच्याकडेच जातात. त्यांच्या नातवाने तो लेख त्यांना वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, “इमामसाहेब, लेख चांगला आहे. पण एक सांगा. चप्पल आली की मी विचारतो, कुठं तुटली, टाका मारू का अंगठा बदलू. न विचारता काम कसं होणार? त्यात वाईट काय आहे?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. उत्तर मात्र माझ्याकडे नव्हते. ज्या सूरहच्या बाराव्या आयतीवर मी लिहीत होतो, तिच्याच अकराव्या आयतीत कोणत्याही समूहाने दुसऱ्या समूहाची टर उडवू नये, एकमेकांना वाईट नावांनी हाक मारू नये, असा आदेश आहे. बारावी आयत समजावताना मी अकरावी मोडली होती.

तुम्ही म्हणाल, तुमचा तसा हेतू नव्हता. खरे आहे, नव्हता. पण शब्दाच्या बाबतीत हेतू पुरेसा असतो का, हाच खरा प्रश्न आहे. सूरह बकराहच्या 104 व्या आयतीत याचे उत्तर मिळते. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे लक्ष वेधण्यासाठी त्यांचे साथीदार ‘राइना’ म्हणत, म्हणजे ‘आमच्याकडे लक्ष द्या’. त्यांच्या मनात आदरच होता. परंतु काही विरोधक हाच शब्द जीभ वळवून असा उच्चारत की त्यातून अपमान ध्वनित होई. तेव्हा आज्ञा झाली की ‘राइना’ म्हणू नका, ‘उन्जुर्ना’ म्हणा. बंदी अपमान करणाऱ्यांना उद्देशून नव्हती. ती निर्मळ मनाने बोलणाऱ्यांवर होती, आणि सोबत पर्यायी शब्दही देण्यात आला. शब्दात अवहेलना शिरली आहे हे कळल्यावर चांगल्या माणसाचा हेतूही त्या शब्दाला वाचवू शकत नाही, हे तत्त्व त्यातून मिळते.

आता आपल्या मराठीकडे पाहू. हे शब्द शिव्यांसारखे दिसत नाहीत, म्हणूनच ते टिकून राहतात. राजकीय बातमीत ‘चांडाळचौकडी’ सर्रास छापली जाते. चार कारस्थानी माणसे, एवढाच अर्थ लिहिणाऱ्याच्या मनात असतो. पण चांडाळ हे धर्मशास्त्रांनी गावाबाहेर काढलेल्या माणसांचे नाव होते. ‘गाव तेथे महारवाडा’ ही म्हण प्रत्येक चांगल्या ठिकाणी काहीतरी वाईट असतेच, अशा अर्थाने वापरतात. म्हणजे एका वस्तीला गावातील वाईटाचे प्रतीक ठरवतात. वस्त्यांची अशी जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. कागदावरचे नाव बदलता येते. म्हणीतले नाव मात्र लिहिणाऱ्यांनीच सोडावे लागते.

‘भामटा’ या शब्दाचे उदाहरण थोडे सविस्तर पाहण्याजोगे आहे. ‘भामट्याने वृद्धेस लुबाडले’ असा मथळा आपण वाचतो आणि पान उलटतो. पण भामटा हे एका समाजाचेही नाव आहे. 1871 मध्ये ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे 1911 च्या कायद्याने त्याचा विस्तार झाला. ज्या जमातींची नोंद झाली, त्यांतील माणूस काही न करताही संशयित ठरे. हजेरी लावावी लागे, परवानगीविना हिंडता येत नसे. सोलापुरात तर अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतीत ठेवले जाई. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या गेल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आज भामटा आहेत, आणि त्याच यादीत आपले छप्परबंद बांधवही आहेत. कायद्याने त्यांना मोकळे केले. आपल्या मथळ्यांनी अजून केलेले नाही. त्या समाजातील मुलगी शाळेत आडनाव किंवा जात सांगते, तेव्हा वर्ग का हसतो, याचे उत्तर त्या मथळ्यात आहे.

‘बाटगा’ हा शब्द आपल्या काळजाला लागतो, कारण तो आपल्या पूर्वजांना उद्देशून वापरला गेला. बाटणे म्हणजे विटाळणे. ज्याने विचारपूर्वक श्रद्धा स्वीकारली, त्याला हा शब्द विटाळलेला ठरवतो. यावर आपण चिडतो, ते योग्यच आहे. पण आपल्याच घरात एखाद्याला ‘कमीना’ म्हणताना, किंवा विवाहाच्या बोलणीत ‘अखेर पिंजारीच ते’ असे म्हणताना, आपल्याला काही टोचते का? उत्तर हिंदुस्थानात ‘कमीन’ हा शब्द गावची कष्टाची कामे करणाऱ्या जातींसाठी वापरला जाई. स्वतःला लागलेला घाव दाखवायचा आणि आपल्या हातातला दगड लपवायचा, हा न्याय नव्हे.

मग लिहिणाऱ्याने ओळखावे कसे? मी आता स्वतःला दोन प्रश्न विचारतो. हा शब्द कोणत्या माणसांचे नाव आहे का? असल्यास माझ्या वाक्यात ते नाव दुर्गुणाच्या जागी उभे आहे का? दोन्हींचे उत्तर ‘होय’ आले की शब्द काढतो. मराठी त्याने गरीब होत नाही. चांभारचौकशीऐवजी ‘नसती उठाठेव’, भामट्याऐवजी ‘लबाड’ किंवा ‘फसवणारा’, चांडाळचौकडीऐवजी ‘कंपू’, बाटग्याऐवजी ‘धर्मांतरित’. उलट अर्थ अधिक स्वच्छ होतो.

याला मर्यादाही आहेत. केवळ ध्वनीवरून संशय घेऊ नये; ‘महारोग’ हा महा आणि रोग यांचा समास आहे, त्याचा जातीशी संबंध नाही. व्यवसाय किंवा इतिहास सांगताना समाजाचे नाव घ्यावेच लागते, आणि आदराने घेतले तर त्यात गैर नाही. कथेत एखादे पात्र तसे बोलत असेल, तर लेखकाचा स्वर त्याच्या बाजूचा नाही एवढे दिसले पाहिजे. आणि लक्ष्मण गायकवाड यांनी आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हे नाव दिले, तेव्हा तो अपमान नव्हता. ज्यांच्यावर शिक्का मारला गेला त्यांनी तो जगासमोर धरला होता. तो अधिकार त्यांचा, आपला नव्हे.

बुखारी शरीफमध्ये हजरत अबूजर (रजि.) यांचा प्रसंग आहे. त्यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले. प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले की तुमच्यात अजून अज्ञानकाळाचा अंश शिल्लक आहे. एवढ्या थोर साथीदाराला हे ऐकावे लागले, आणि त्यांनी ते ऐकले. पुढे रबजा येथे लोकांनी पाहिले की जसे वस्त्र त्यांच्या अंगावर होते, तसेच त्यांच्या गुलामाच्या अंगावर होते.

माझ्या लेखातला तो शब्द परत घेता येणार नाही. तो छापला गेला आहे. पुढच्या अंकात मी दुरुस्ती दिली आणि तो अंक स्वतः त्या वृद्धांच्या हाती नेऊन ठेवला. त्यांनी तो पिशवीत जपून ठेवला आणि विचारले, “चप्पल आणलीय का काही?” मी आणली होती. कुठे तुटली, ते त्यांनी नीट विचारून घेतले.