सांधा

मे २०१६ मध्ये अमेरिकी टीव्हीवरच्या स्कॉट डिसिकने इन्स्टाग्रामवर प्रोटीन शेकसोबतचा आपला फोटो टाकला. खाली उन्हाळ्यातल्या व्यायामाबद्दल उत्साहाने भरलेला मजकूर होता. पण त्याच्या आधी, मजकूर पाठवणाऱ्याची सूचनाही जशीच्या तशी चिकटली होती: चार वाजता खालील मजकूर टाकावा. ती नंतर काढली, पण तोवर जगभर पसरली होती.

अशा पोस्टचं विडंबन करणारा हाच सांधा शोधतो. मनातलं बोलणं कुठे संपलं आणि पैसे घेऊन लिहिलेलं वाक्य कुठे सुरू झालं, ती जागा. माझ्या भाचीने परवा असंच एक विडंबन लिहून दाखवलं.

“आजी गेली. ती सांगायची, दुःखातही स्वतःला विसरू नकोस. म्हणून आज रडून झाल्यावर मी लावलं केशर-कोरफडीचं नाइट सीरम. आजी, तुझ्यासारखीच चमक! माझा कोड AAJI20 वापरा, वीस टक्के सूट.”

सगळा भार ‘म्हणून’ या एका शब्दावर आहे. आजीचा आणि सीरमचा काडीचाही संबंध नाही. तो शब्द संबंध जोडून देतो. खऱ्या पोस्टमध्ये या दोन टोकांच्या मध्ये कृतज्ञतेची, स्वतःवर प्रेम करण्याची चार वाक्यं पसरलेली असतात, त्यामुळे उडी जाणवत नाही. भाचीने ती वाक्यं गाळली, एवढंच. आणि खाली हॅशटॅगची रांग लावून ‘जाहिरात’ हा शब्द तिने त्यात बारावा ठेवला. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या नियमांनुसार तो सहज दिसायला हवा, हॅशटॅगच्या गर्दीत दडता कामा नये.

मग तिने दुसरं लिहिलं. आमच्या गल्लीतल्या कुरडया करणाऱ्या काकूंच्या पोस्टची नक्कल: उगवता सूर्य, सहा गुलाब, ‘आजचा दिवस सोनेरी’ आणि खाली कुरडयांचा भाव. आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसून झाल्यावर मात्र मला चैन पडेना.

मी दोन्ही विडंबनांतल्या मालाच्या ओळी बोटाने झाकल्या. पहिल्यात उरलं नातीचं साधं दुःख. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. दुसऱ्यात कुरडया झाकल्या तरी हसू तेवढंच येत होतं, कारण ते काकूंच्या गुलाबांना आणि त्यांच्या चुकलेल्या वेलांट्यांना होतं. काकू स्वतःचा माल स्वतःच्या नावाने विकतात, भाव आणि फोन नंबर उघड लिहितात. त्यांच्या पोस्टमध्ये लपवलेला सांधाच नाही. आम्ही हसलो ते त्यांच्या बोलण्याच्या रीतीला.

हे सांगितल्यावर भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पण मावशी, दुसरंच जास्त जमलंय गं.”

जमलं होतं, हे खरं. तिने ते कुणाला पाठवलं नाही.