मुदतवाढीच्या पत्रातली एक ओळ

भिलाई पोलाद कारखान्याच्या विस्तारातली आठव्या क्रमांकाची ‘महामाया’ झोतभट्टी २०१८ साली पेटली, ठरल्या मुदतीपेक्षा काही वर्षं उशिरा. चालू कारखान्यात नवं बांधकाम करताना जुन्या केबल आड येतात, जागा उशिरा ताब्यात मिळते, ड्रॉइंग मंजुरीसाठी अडकतात. हा उशीर कोणाच्या नावावर लागणार, याची चिंता ठेकेदाराच्या प्रकल्प व्यवस्थापकाला पहिल्या महिन्यापासून करावी लागते.

याबाबतचा वारंवार उद्धृत होणारा निकाल बांधकामाचा नाही, पोलादी पाइपांच्या पुरवठ्याचा आहे: ओएनजीसी विरुद्ध सॉ पाइप्स, २००३. युरोपातल्या पोलाद कामगारांच्या संपामुळे कच्चा माल रखडला. पुरवठादाराने मुदतवाढ मागितली, ती मिळालीही. पण करारातली नुकसानभरपाई, म्हणजे एलडी, कापली जाईल असं सोबत बजावलेलं होतं. दर आठवड्याला एक टक्का, कमाल दहा टक्के. कच्चा माल पुरवणाऱ्याकडचा संप करारातल्या ‘फोर्स मेज्योर’च्या व्याख्येत बसत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने कपात योग्य ठरवली.

ते बजावणं महत्त्वाचं का? करार कायद्याच्या कलम ५५ नुसार, वेळ महत्त्वाची ठरलेली असताना मालकाने उशिरा झालेलं काम स्वीकारलं आणि त्या वेळी भरपाईचा हक्क राखल्याचं कळवलं नाही, तर पुढे ती मागता येत नाही. म्हणून ‘एलडीचा हक्क राखून’ ही ओळ मुदतवाढीच्या पत्रात येते. अनेक व्यवस्थापक वाढलेली तारीख पाहून सुटकेचा श्वास टाकतात. खरं तर त्याच दिवशी लेखी हरकत नोंदवायला हवी.

समजा, शंभर कोटींचं काम आणि वरचाच दर. उशीर दहा आठवडे. त्यातले चार पायाची जागा न मिळाल्याने, सहा ठेकेदाराचे पंप उशिरा आल्याने. चार आठवड्यांच्या अडथळ्याची सुरुवात आणि शेवट हिंडरन्स रजिस्टरमध्ये दोघांच्या सहीने असेल, तर कपात सहा कोटींवर थांबवता येते. नसेल, तर दहा कोटींचा वाद अखेरच्या बिलापर्यंत लांबतो. त्याच कायद्याच्या कलम ७४ खाली करारातला आकडा ही कमाल मर्यादा असते, आणि नुकसान मोजता येत असेल तिथे ते सिद्ध करावं लागतं, असं २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्स निकालाने सांगितलं. पण हा युक्तिवाद लवादापुढे होतो. पैसे तोवर कापलेले असतात.

संपासारखीच गत पावसाची. भिलाईत जून ते सप्टेंबर पाऊस पडणार हे टेंडर भरतानाच ठाऊक असतं. नेहमीच्या पावसाला फोर्स मेज्योर म्हणता येत नाही. करोनाच्या वेळी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने १३ मे २०२० रोजी सरकारी बांधकाम करारांना तीन ते सहा महिने दंडाविना मुदतवाढ देण्यास सांगितलं, मात्र १९ फेब्रुवारीला जो आधीच कसूरदार होता त्याला तो आधार नव्हता. अशा वेळी फेब्रुवारीपर्यंतचं मागे पडणं मालकामुळे होतं, हे दाखवायला व्यवस्थापकाकडे त्याआधीची रजिस्टरची पानं लागत होती.