घातांकातून उतरलेला n

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या एखाद्या सीएनसी लेथवर शाफ्ट निघत असतात. दर तासाला त्यांतले पाच उचलायचे, मायक्रोमीटरने व्यास मोजायचा आणि पाचांची सरासरी एक्स-बार चार्टवर मांडायची, ही तिथली रीत. श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये पहिला कंट्रोल चार्ट मांडला.

समजा सेटिंग सरकले आणि मूळ सरासरी नेमकी वरच्या कंट्रोल लिमिटवर जाऊन बसली. आता दर तासाचा बिंदू रेषेबाहेर पडण्याची शक्यता निम्मी. मग बिघाड सरासरीने कितव्या तपासणीत सापडेल? पहिल्या तपासणीत सापडण्याची शक्यता 1/2, दुसऱ्या तपासणीत 1/4, n व्या तपासणीत 1/2ⁿ. प्रत्येक क्रमांकाला त्याच्या शक्यतेने गुणून बेरीज करायची:

1/2 + 2/4 + 3/8 + 4/16 + …

वर तो n नसता तर ही साधी गुणोत्तर श्रेणी होती. तो n आणायचा कुठून? तो आधीपासूनच घातांकात बसलेला आहे. पण 1/2 हा स्थिर आकडा, त्याचे विकलन करून हाती शून्य येते. म्हणून थोडा वेळ तो निम्मेपणा सोडून द्यायचा आणि त्याच्या जागी x ठेवायचा:

1 + x + x² + x³ + … = 1/(1−x)

x चे मूल्य −1 आणि 1 यांच्या दरम्यान असेपर्यंत या श्रेणीचे पदवार विकलन चालते. xⁿ चे nxⁿ⁻¹ होते, घातांकातला n खाली उतरतो आणि उजवीकडे 1/(1−x)² मिळते. दोन्ही बाजूंना x ने गुणले की

x + 2x² + 3x³ + … = x/(1−x)²

आता x = 1/2 परत ठेवा: बेरीज 2. शेवटचा गुणाकार राहिला तर 4 येतात. पण पहिल्या पाच पदांची बेरीज 1.78 आणि दहांची 1.99 भरते, त्यामुळे चूक लगेच कळते. एका ठरावीक आकड्याचे उत्तर हवे असताना त्याला आधी हलता करावे लागते, याचे मला अजून नवल वाटते.

तक्त्यावर x म्हणजे बिघाड लपून राहण्याची शक्यता. याच विकलनातून सरासरी प्रतीक्षा 1/(1−x) निघते. काहीच सरकलेले नसताना बिंदू चुकून बाहेर पडण्याची शक्यता 0.0027 असते, म्हणून खोटी हाक सरासरी ३७० तपासण्यांतून एकदा येते. निम्म्या शक्यतेच्या आपल्या उदाहरणात मात्र दोन तपासण्या. पण दोन ही सरासरी आहे: चारांपैकी एका वेळी पहिल्या दोन्ही तपासण्या बिघाड सोडून देतात, आणि तोवरचा सगळा माल पुन्हा मोजावा लागतो.

हे सारे x दर तासाला तोच राहील या अटीवर. टूल हळूहळू झिजत असेल तर सरासरी सरकत राहते आणि प्रत्येक तासाचा x वेगळा होतो. चार्टवर ओळीने सहा बिंदू चढत गेले की तशी शंका घ्यावी. तिथे श्रेणी गुणोत्तरी राहत नाही, हे सूत्र लागू पडत नाही, आणि शक्यता एकेका तासाने गुणत जाव्या लागतात.